सणाच्या दिवशी लिहिलेल्या तीन ओळी

मत्सर हा शब्द मी माझ्या बाबतीत अनेक वर्षे वापरला नव्हता. तो इतरांचा दोष आहे, असे मी मानत असे. पन्नाशी उलटल्यावर, मालवणच्या बाजारपेठेतील एका दुकानावरच्या खोलीत बसून, एका सहकारी बाईंविषयी माझ्या मनात जे साचत गेले त्याला दुसरे नाव देता येत नाही, म्हणून आता तोच शब्द लिहितो.

पुण्यातली नोकरी सोडून मी गावी परतलो, तेव्हा तारकर्ली आणि तोंडवलीच्या काही घरमालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली होती. घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, आणि सगळ्यांच्या खोल्यांचे आरक्षण एकाच संकेतस्थळावर व्हायचे, ही तिची कल्पना. ते संकेतस्थळ मी एकट्याने लिहिले आणि बारा वर्षे एकट्याने सांभाळले. कोणाच्या घरी कोणती खोली रिकामी आहे, पाहुण्याच्या मोबाइलवर निरोप केव्हा जायचा, आगाऊ रक्कम कशी स्वीकारायची, हे सारे त्या कोडमध्ये होते. आणि त्याच कोडमध्ये, अगदी वरच्या ओळींत, डेटाबेसचा पासवर्ड आणि निरोप पाठवणाऱ्या कंपनीने दिलेली किल्लीही होती. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. ती ज्याच्याजवळ असेल तो आमच्या खात्यातून, आमच्या नावाने निरोप पाठवू शकतो. ती उघडी आहे याची मला कधी भीती वाटली नाही. कोड माझ्याखेरीज कोण पाहणार होते?

मग शिरोड्याकडच्या घरमालकांनी तशीच संस्था काढली आणि आमचेच संकेतस्थळ आपल्याला मिळावे अशी विनंती केली. काम वाढणार म्हणून आमच्या समितीने जूनमध्ये एका बाईंना सहा महिन्यांच्या बोलीवर नेमले. त्या बत्तीस वर्षांच्या, आतल्या भागातल्या एका गावच्या. वडील शिक्षक, घरची काजूची बाग. काही वर्षे गोव्यात एका कंपनीत काम करून त्या घराजवळ आल्या होत्या. सहा महिन्यांनंतर दोन्ही संस्थांच्या प्रणालीची जबाबदारी कायमची त्यांच्याकडे द्यायची की नाही, हे समिती ठरवणार होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन अत्यंत हलक्या आवाजात विचारले, "सर, हे पासवर्ड कोडमध्ये मुद्दाम ठेवलेत का?"

"मुद्दाम असं काही नाही. पहिल्यापासून तसेच आहेत."

"शिरोड्याला कोड द्यायचा म्हणजे हेही त्यांच्याकडे जाणार."

"देताना पुसू."

"वरून पुसले तरी जुन्या नोंदींत राहतात, सर. प्रत्येक बदलाची प्रत राहते ना कोडच्या साठ्यात. किल्ल्याच बदलून घ्याव्या लागतील."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मला ते ठाऊकही होते. अनेक गोष्टी आपल्याला ठाऊक असतात तसे. "बघू," म्हणून मी संगणकाकडे तोंड केले.

मी बघितले नाही, म्हणून त्यांनीच केले. सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड संबंधित कंपन्यांकडून नवे घेतले आणि जुने बंद करवले. कोडमध्ये त्या जागी आता फक्त नावे राहिली: निरोपाची किल्ली, पाठवणाऱ्याचे नाव, निरोपाच्या मसुद्याचा क्रमांक, डेटाबेसचा पासवर्ड. ही नावे म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स. प्रोग्राम सुरू होताना ज्या यंत्रावर तो चालतो त्याच्याकडे नाव सांगून किंमत, म्हणजे त्या नावाखालची खरी अक्षरे, मागतो. खऱ्या किमती आमच्या सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये ठेवल्या. ती फाइल कोडच्या साठ्यात कधी जाणार नाही अशी तजवीज केली, आणि सर्व्हरची व्यवस्था तो प्रोग्राम 'सेवा' म्हणून आपोआप सुरू करताना ती फाइल वाचून किमती त्याच्या हाती देईल असे बांधून दिले. कोडसोबत राहिली ती केवळ एक नमुन्याची फाइल, तिच्यात नावे होती आणि समोरच्या जागा रिकाम्या.

समितीच्या बैठकीत त्यांनी हे समजावून सांगितले. आमचे अध्यक्ष तारकर्लीचे, सत्तरीचे. एके काळी स्वतःची होडी असलेले. त्यांनी मधेच थांबवले.

"बाय, माका सोप्यां करून सांग. शिरोडेकरांका आमी काय दितव आणि काय नाय?"

"कोड देतो, काका. आपल्या किल्ल्या देत नाही. तोच कोड त्यांच्या सर्व्हरवर त्यांच्या किल्ल्या मागेल, आपल्या सर्व्हरवर आपल्या."

"म्हणजे आमचो निरोप आमच्या नावान, तेंचो तेंच्या नावान?"

"हो."

"आणि कोडात एक अक्षर बदलूक नको?"

"एकही नाही."

"वा गो बाय!" म्हणून अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली, आणि मग माझ्याकडे वळून, खरोखर निर्मळपणे, म्हणाले, "सायबानू, बारा वर्सां तुमका ह्यां सुचलां नाय ता?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य घेऊन मी घरी गेलो. जेवताना ते माझ्यासोबत होते, आणि दुसऱ्या दिवशी जिना चढतानाही. बारा वर्षांत मी हजारो ओळी लिहिल्या. त्यांपैकी एकीसाठीही कोणी टेबलावर थाप मारली नव्हती. या बाईंनी काही ओळी काढून टाकल्या आणि स्वतः सर्वांच्या होऊन बसल्या. घरमालक फोन करत ते आता त्यांना. "बाय आसा काय?" असे विचारत, आणि त्या नसल्या तर "मगे करतंय" म्हणून ठेवून देत. मी उचललेला फोन जणू कोणी उचललाच नव्हता.

मी त्यांच्याशी कधी वावगे बोललो नाही. माझा आवाज मुळातच खालचा. त्याचा मला उपयोगच झाला. मी त्यांच्या चुका शोधत असे. त्यांच्या टिपणातला एखादा शब्द, कार्यालयात यायला झालेला पाच मिनिटांचा उशीर, असे काहीबाही मी मनात जमवून ठेवी. फार सापडत नसे, याचाच त्रास होई.

चतुर्थीला आमच्याकडे कामे थांबतात. बाई आपल्या गावी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला: सेवा अडली तर कोणती आज्ञा द्यायची, ती ठळक अक्षरांत, आणि खाली, 'प्रोग्राम हाताने चालवू नये, किमती मिळणार नाहीत. काही अडल्यास मला फोन करावा.' तो कागद मी वाचला आणि खणात टाकला. माझ्याच प्रोग्रामविषयी मला कोणी सूचना द्याव्यात, हे मला सहन झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडवलीच्या एका घरमालकांचा फोन आला. पाहुण्यांना निरोप जात नव्हते. घरची पूजा आटोपून मी कार्यालयात आलो. माझा लॅपटॉप घरी राहिला होता, म्हणून कार्यालयातला संगणक लावला आणि तिथून सर्व्हरवर गेलो. प्रोग्राम कुठेतरी अडकून बसला होता. सेवा पुन्हा सुरू केली असती तर एवढेच पुरे होते. परंतु बारा वर्षांच्या सवयीने मी ती थांबवली आणि प्रोग्राम स्वतःच्या हाताने चालवला.

तो लगेच बंद पडला. निरोपाची किल्ली मिळाली नाही, एवढेच त्याने कळवले.

कारण कागदावर लिहिले होते तेच. किमतींची फाइल सेवा वाचत असे. मी हाताने चालवलेल्या प्रोग्रामला ती कोण वाचून देणार? पण कागद खणात होता, आणि फोन करायचा म्हणजे सणाच्या दिवशी त्यांना विचारायचे, 'तुमचे हे कसे चालते?' ते माझ्याने होईना. मी सर्व्हरवरची ती फाइल उघडली, तिच्यातून किल्ली उचलली आणि कोडमध्ये थेट लिहिली. प्रोग्रामने मग पाठवणाऱ्याचे नाव मागितले. तेही लिहिले. मग मसुद्याचा क्रमांक. तोही. प्रत्येक वेळी बदल साठ्यात चढवायचा, सर्व्हरवर उतरवायचा, पुन्हा चालवून पाहायचे. चौथ्या वेळी त्याने डेटाबेसचा पासवर्ड मागितला, तेव्हा माझा धीर सुटला आणि मी अख्खा सर्व्हरच बंद करून पुन्हा चालू केला. यंत्र जागे झाले, त्यासरशी सेवा आपोआप सुरू झाली, तिने फाइल वाचली, आणि सगळे सुरळीत चालू लागले.

त्या क्षणी मला कळले की माझ्या तीन ओळींची गरज नव्हती. सेवा पुन्हा सुरू होणे, एवढाच उपाय होता. त्या ओळी तिथल्या तिथे काढून टाकायला दोन मिनिटे लागली असती. मी त्या काढल्या नाहीत. आपल्या हातचे काहीतरी पुन्हा त्या कोडमध्ये आहे, याचे मला समाधान वाटत होते. इतके क्षुद्र समाधान मी त्यापूर्वी कधी अनुभवले नव्हते.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. कार्यालयातल्या संगणकावर साठ्याची जोडणी बाईंनी केली होती, त्यामुळे त्यावरून चढवलेल्या प्रत्येक बदलापुढे त्यांचे नाव उमटत असे. माझ्या तिन्ही ओळी त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या होत्या. मी ते वाचले आणि संगणक बंद केला.

चतुर्थीनंतर शिरोड्याच्या लोकांनी साठ्यातून ताजा कोड उतरवून घेतला आणि आपले आरक्षण सुरू केले. त्यांच्या सर्व्हरवर त्यांच्या किल्ल्या व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. पण कोड आता त्या मागतच नव्हता. माझ्या ओळींतल्या आमच्या किल्लीने, आमच्या नावाने, आमच्या ठरीव मसुद्यात त्यांच्या पाहुण्यांना निरोप जाऊ लागले. त्या मसुद्यात चौकशीसाठी आमच्या अध्यक्षांच्या घरचा क्रमांक होता. अध्यक्षांना कोणी "निरोप मिळाला, कसं यायचं?" असे विचारले की ते मोठ्या उत्साहाने वाट सांगत.

शनिवारी दुपारी त्यांनी मला आणि बाईंना घरी बोलावून घेतले. अंगणात कोल्हापूरकडचे एक कुटुंब सामान घेऊन उभे होते. पाच माणसे, त्यांतल्या आजी पायरीवर बसलेल्या.

"ह्यां काय झालां तां माका सांगा," अध्यक्ष म्हणाले. "ह्या पावण्यांची खोली शिरोड्याक. निरोप आमच्या नावाचो. आणि मिया तेंका फोनवर सांगतंय, येवा, तारकर्लेक येवा! माज्याकडे आज खाटय मोकळी नाय."

"आम्ही वेंगुर्ल्यावरूनच आलो हो," पाहुणे कळवळून म्हणाले. "शिरोडा तिथून हाकेवर होतं."

"चुकलां आमचां. आधी जेवा," अध्यक्षांच्या पत्नी आतून म्हणाल्या. "अगो आजये, उन्हात नको बसा. आत येवा."

पाहुणे जेवायला बसले आणि बाईंनी ओसरीवरच लॅपटॉप उघडला. दोन मिनिटांत त्यांना त्या तीन ओळी सापडल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. अध्यक्ष मागे उभे होते.

"कोणी लिवलां तां कळता मां?"

"कळतं," त्या म्हणाल्या. "माझं नाव आहे."

"तुजां?"

"तारीख चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाची. मी त्या दिवशी घरी होते, काका."

"घराकडसून करूक येता ना तुका?"

"येतं," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "पण मी केलं नाही."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. आरोप करणारी ती दृष्टी नव्हती, मी काही बोलावे म्हणून दिलेली ती सवड होती. मी अंगणातल्या माडाच्या आळ्याकडे पाहत राहिलो.

पुढचे चार दिवस मी गप्प राहिलो. त्यांनी त्या तीन ओळी काढल्या, शिरोड्याला फोन करून नवा कोड उतरवायला लावला, आणि तोवरची किल्ली मेलीच समजायची म्हणून दुसरी मागवली; कारण ती आता जुन्या नोंदींत कायमची लिहिली गेली होती आणि शिरोड्याच्या यंत्रांवरही पोहोचली होती. हे सारे त्यांनी माझ्यासमोर बसून केले. एकदाही विचारले नाही. चतुर्थीला कार्यालयाची चावी माझ्याजवळ होती, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मी समजत नाही.

घरमालकांचे फोन पुन्हा मला येऊ लागले. "सायबानू, ता चेडू बरां आसा, पण अजून कच्चां," एक जण बाईंविषयी म्हणाले. "जुनां माणूस तां जुनां माणूस." ज्या शब्दांसाठी मी तीन महिने झुरलो, ते मला मिळत होते. ते ऐकताना मला आनंद झाला, हे मी इथे लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी तरी झाला. तिसऱ्या दिवशी मात्र तेच शब्द ऐकताना मी 'कामात आहे' म्हणून फोन ठेवून दिला.

बुधवारी समिती बसली. सहा महिने भरले नव्हते, तरी या प्रकारामुळे बाईंना कायम करायचे का, हा विषय आताच घेतला होता. खजिनदार, तोंडवलीचे एक निवृत्त पोस्टमास्तर, मुद्देसूद बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "किल्ल्या बाहेर ठेवा असं ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांनीच त्या आत लिहाव्यात, आणि वर नाकारावं, हे मला पटत नाही. चूक समजू शकतो. नाकारणं नाही."

बाई म्हणाल्या, "मी नाकारते, कारण मी केलेलं नाही. नाव खोटं कसं पडलं ते मला सिद्ध करता येईल. पण ते मला करायला लावू नका, एवढंच म्हणते."

खोलीत कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला. त्यांच्याजवळ पुरावा होता. सर्व्हरवर त्या दिवशी कोण, कोणत्या खात्याने शिरले याची नोंद राहते, आणि त्या नोंदीत माझे नाव होते. त्या ते जवळ ठेवून चार दिवस माझी वाट पाहत होत्या.

"मी लिहिल्या त्या ओळी," मी म्हणालो. माझा आवाज इतका खाली गेला की खजिनदारांनी "काय?" विचारले आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावे लागले. मग मी सगळे सांगितले. कागद खणात टाकल्याचे, फोन न केल्याचे, ओळी नको असताना ठेवल्याचे, आणि त्यांचे नाव पडलेले पाहून गप्प बसल्याचे. का, ते मात्र कोणी विचारले नाही, तरी मीच सांगितले. "यांचं तुम्ही कौतुक करता ते मला सोसत नव्हतं."

 मग अध्यक्ष हसले.

"आवो, सायबानू, इतक्यात काय आसा! माणसाची चूक होता. तुमी बारा वर्सां सांभाळलास. चाय घेवा."

माझी क्षमा एवढ्यात उरकली. त्यांच्या न केलेल्या चुकीची चार दिवस उलटतपासणी चालली होती, आणि माझ्या केलेल्या चुकीला कपभर चहा पुरला. मी बाईंकडे पाहिले. त्यांनाही हाच हिशेब दिसला असावा, कारण त्यांच्या डोळ्यांत सभेच्या सुरुवातीला नव्हता असा राग आता प्रथमच आला होता. तो माझ्यावर होताच, पण केवळ माझ्यावर नव्हता.

"मी राहते," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "पण दोन गोष्टी. सामायिक संगणकावर कोणाचंही नाव नको, माझंही नाही. प्रत्येकानं आपल्या नावानं लिहायचं. आणि किमतींची फाइल उघडण्याचा अधिकार फक्त एकाकडे."

"कोणाकडे?" खजिनदारांनी विचारले.

"माझ्याकडे."

कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

निरोप पाठवणाऱ्या कंपनीचे खाते प्रथमपासून माझ्या मोबाइलवर होते, त्यामुळे नवी किल्ली मिळण्यापूर्वी येणारा पडताळणीचा आकडा माझ्याच फोनवर येई. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते खाते संस्थेच्या आणि बाईंच्या नावावर वळवले; मधली किल्ली मलाही ठाऊक होती, म्हणून आता आणखी एक नवी घ्यायची होती. शेवटचा आकडा आला. मी तो वाचून दाखवला.

"झालं, सर," त्या म्हणाल्या. 'सर' पूर्वीसारखेच होते. त्यामागची ऊब तेवढी गेलेली होती, आणि ती परत मागण्याचा मला अधिकार नाही. कंपनीच्या पानावर नवी किल्ली उमटली असावी, कारण त्या माझ्याकडे न पाहता थांबल्या. ती किल्ली आता मला दिसायला नको होती, तरी 'बाहेर जा' असे त्या कधी म्हणाल्या नसत्या.

मी माझी खुर्ची खिडकीकडे फिरवली. खाली बाजारात मासळीची विक्री संपत आली होती. मागे किल्ली फाइलमध्ये ठेवली जाण्याचे आवाज, मग सेवा पुन्हा सुरू करण्याची ती आज्ञा. बोटांच्या लयीवरून मला ती ओळखता आली. एकदा वळून पाहावे असे मला फार वाटले. बारा वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते ते आता माझे नव्हते, आणि ज्यांचे झाले त्यांच्याविषयीची ती जळजळ तशीच होती. कबुलीने ती गेली असेल असे मला वाटले होते, ते खोटे ठरले.

"चालू झालं," त्या म्हणाल्या. "आता वळलात तरी चालेल."

मी थोडा वेळ तसाच खिडकीकडे पाहत बसलो.